पगार वाढला तरी घटला कसा? नाममात्र आणि वास्तव वेतनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारवाढीची पत्रं वाटून झाली की त्यानंतरच्या आठवड्यांत येणारे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले पगार गोल आकड्यांत आहेत आणि चलनाचं नाव मुद्दाम टाळलं आहे, कारण हिशोब कुठल्याही चलनात हाच राहतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात पूर्ण होत असेल, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. नाममात्र वेतन आणि वास्तव वेतन यांत फरक काय?

नाममात्र वेतन म्हणजे पगाराच्या कागदावर छापलेला आकडा. वास्तव वेतन म्हणजे त्या आकड्यात बाजारातून प्रत्यक्ष किती वस्तू आणि सेवा घरी आणता येतात ते. पहिलं पैशांत मोजलं जातं. दुसरंही कागदावर पैशांतच लिहितात, पण ते एखाद्या ठरावीक वर्षाच्या किंमतींच्या हिशोबाने. मोजणी सोपी आहे: नाममात्र वेतनाला ग्राहक किंमत निर्देशांकाने भागायचं आणि 100 ने गुणायचं. निर्देशांक म्हणजे सामान्य कुटुंबाच्या खरेदीची एक ठरलेली टोपली. सुरुवातीच्या वर्षी तिची किंमत 100 धरतात आणि पुढे तीच टोपली केवढ्याला पडते ते दर महिन्याला मोजत राहतात.

2. मला 5 टक्के वाढ मिळाली आणि महागाई 7 टक्के आहे. म्हणजे माझा पगार 2 टक्क्यांनी कमी झाला ना?

जवळपास. समजा पगार 40,000 होता आणि तो 42,000 झाला. किंमती 7 टक्क्यांनी वाढल्या, म्हणून 42,000 ला 1.07 ने भागा. येतात 39,252. म्हणजे कागदावर 2,000 वाढले आणि खरेदीच्या ताकदीत 748 घटले. घट 1.87 टक्के झाली, पूर्ण 2 नाही.

आकडे लहान असतात तोवर वजाबाकीने काम भागतं. महागाई मोठी झाली की वजाबाकी चुकीचं चित्र दाखवते. महागाई 50 टक्के आणि वाढ 30 टक्के असेल, तर वजाबाकी 20 टक्के घट दाखवेल. भागाकार केला तर 1.30 ÷ 1.50, म्हणजे घट 13.3 टक्केच निघते. म्हणून सवय भागाकाराचीच लावून घ्यावी.

3. पण कुणी माझा पगार कापलेला नाही. याला ‘कपात’ म्हणणं जरा जास्तच होत नाही का?

घरखर्चाच्या वहीला हा फरक कळत नाही. पगार कापला आणि किंमती जागच्या जागी राहिल्या, किंवा पगार थोडा वाढला आणि किंमती त्याहून जास्त वाढल्या, दोन्ही प्रकारांत महिन्याच्या शेवटी तेवढंच कमी पडतं. फरक पडतो तो मनात. 1986 साली डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना दूरध्वनीवरून विचारलेल्या प्रश्नांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मंदी आणि बेरोजगारीच्या काळात, महागाई नसताना एखाद्या कंपनीने पगार 7 टक्क्यांनी कापले तर ते योग्य का? 62 टक्के लोकांनी ते अन्यायाचं ठरवलं. दुसऱ्या गटाला तीच परिस्थिती सांगितली, पण महागाई 12 टक्के आणि पगारवाढ 5 टक्के. इथे अन्याय म्हणणारे 22 टक्केच निघाले.

12 टक्के महागाईत 5 टक्के वाढ म्हणजे वास्तवात 6.25 टक्के कपात. दोन्ही गटांपुढचं नुकसान जवळजवळ सारखंच होतं. आकड्याकडे पाहून किंमत विसरण्याच्या या प्रवृत्तीला द्रव्यभ्रम म्हणतात. अर्विंग फिशर या अर्थतज्ज्ञाने 1928 मध्येच त्यावर सबंध पुस्तक लिहिलं होतं.

पगार देणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. अडचणीच्या काळात उघड कपात केली तर कामगार बिथरतात, चांगली माणसं सोडून जातात. महागाईच्या वर्षात तुटपुंजी वाढ दिली तर तेच साधतं, आणि वर ‘अभिनंदन’ लिहिलेलं पत्रही देता येतं. तेव्हा ‘कपात’ हा शब्द मला मुळीच जास्त वाटत नाही.

4. महागाईचा कुठला आकडा धरायचा? बातम्यांत दर महिन्याला वेगळाच सांगतात.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. बातमीतला ‘महागाई दर’ सहसा मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. तुमची मागची वाढ बरोबर बारा महिन्यांपूर्वी झाली असेल तरच तो तुमच्या कामाचा. वाढ दीड वर्षापूर्वी झाली असेल, तर त्यातले पहिले सहा महिने या आकड्यात येतच नाहीत.

उपाय एकच. टक्केवारी बाजूला ठेवा आणि निर्देशांकाची मूळ पातळी घ्या: मागची वाढ झाली त्या महिन्याची आणि आजची. समजा तेव्हा निर्देशांक 160.0 होता आणि अठरा महिन्यांनी तो 174.4 झाला. 174.4 ÷ 160.0 म्हणजे 1.09. तुमच्या बाबतीत महागाई 9 टक्के झाली, बातमीत 5.5 सांगत असले तरी. 40,000 पगाराला जागच्या जागी राहायला 43,600 हवेत. 5.5 टक्के वाढ घेऊन ‘महागाईइतकी मिळाली’ म्हणून घरी गेलात तर 42,200 घेऊन जाल.

वाटाघाटीत समोरून आलेला आकडा कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंतचा आहे, हे आधी विचारा. पुष्कळदा खडाजंगी टक्क्यांवरून होते आणि मूळ मतभेद तारखांचा निघतो.

5. महागाई आता खाली आली आहे. मग मागच्या वर्षांचं नुकसान भरून निघालं ना?

नाही. महागाई दर खाली येतो म्हणजे किंमती खाली येत नाहीत, फक्त त्यांची चढण मंदावते. चढलेल्या पायऱ्या चढलेल्याच राहतात.

तीन वर्षांचं एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. सुरुवातीला पगार 40,000 आणि निर्देशांक 100. पहिल्या वर्षी महागाई 8 टक्के, वाढ 4 टक्के. पगार 41,600 झाला, निर्देशांक 108, म्हणून वास्तव वेतन 38,519. दुसऱ्या वर्षी महागाई 6 आणि वाढ 5. पगार 43,680, निर्देशांक 114.48, वास्तव वेतन 38,155. तिसऱ्या वर्षी महागाई 3 टक्क्यांवर उतरली आणि वाढ पुन्हा 5 मिळाली. पगार 45,864, निर्देशांक 117.91, वास्तव वेतन 38,896.

तिसऱ्या वर्षी व्यवस्थापन सांगेल, ‘यंदा महागाईपेक्षा 2 टक्के जास्त दिलेत.’ ते खरंच आहे. तरीही कर्मचारी तीन वर्षांपूर्वीपेक्षा 2.76 टक्क्यांनी मागे आहे, हेही तितकंच खरं. मूळ जागी परत यायला त्याला 47,166 हवे होते, म्हणजे तिसऱ्या वर्षी 5 नव्हे, साधारण 8 टक्के वाढ. आणि एवढी मिळाली असती तरी मधल्या महिन्यांत जे कमी पडलं ते गेलंच असतं. त्याबद्दल पुढचा प्रश्न.

एका वर्षाची तुलना करायची की पाच वर्षांची, यावर निकाल फिरतो. म्हणून दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं आरंभवर्ष निवडतात. माझ्या मते, शेवटी ज्या वर्षी दोन्ही बाजूंना पगार योग्य वाटत होता, तिथून मोजावं.

6. आम्हाला दर वर्षअखेरीस महागाईइतकी पूर्ण वाढ मिळते. तरी वर्षभर ओढाताण का होते?

कारण किंमती रोज सरकतात आणि पगार वर्षातून एकदाच. वाढ मिळाल्याच्या दिवशी वास्तव वेतन शिखरावर असतं, मग बारा महिने ते झिजत जातं. पुढच्या वाढीने पुन्हा शिखर गाठतं. आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतील.

महागाई दर वर्षी सारखीच असेल तर दातेही सारखेच पडतात. सरासरी शिखराच्या खाली असते, पण दर वर्षी तेवढीच खाली, म्हणून ओढाताण नव्याने जाणवत नाही. त्रास होतो तो महागाई वेग घेते तेव्हा. ती 4 टक्के असताना वर्षाची सरासरी शिखरापेक्षा जवळपास 2 टक्के खाली असते. 12 टक्के झाली की ती साधारण साडेपाच टक्के खाली जाते. वर्षअखेरीस पूर्ण 12 टक्के भरपाई मिळाली तरी.

आकड्यांत पाहा. 40,000 पगार, वर्षभर 12 टक्के महागाई. शेवटच्या महिन्यात त्या 40,000 ची किंमत सुरुवातीच्या हिशोबाने 35,700 च्या आसपास राहते. सगळं वर्ष मिळून गेले सुमारे 26,000, म्हणजे अर्ध्या महिन्याच्या पगाराहून जास्त. नवी वाढ पगार पुढच्या वर्षासाठी वर उचलते, हे 26,000 ती परत करत नाही.

म्हणून महागाई जोरात असेल तेव्हा वाढीच्या टक्क्यांइतकीच ती किती वेळा मिळते हेही महत्त्वाचं ठरतं. वर्षातून एकदाच 12 टक्के मिळण्याऐवजी दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष महागाईइतकी वाढ मिळाली, तर दात्यांची खोली निम्मी होते. करार लांबला आणि थकबाकी उशिरा मिळाली, तर तीही घसरलेल्या किंमतीच्या पैशांत मिळते. व्याज न देता दिलेली थकबाकी पूर्ण भरपाई नसते.

7. सरकारी आकडा 6 टक्के म्हणतो. माझा खर्च त्याहून जास्त वाढलाय. मी कुठला धरू?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

निर्देशांकाची टोपली सरासरी कुटुंबाची असते. त्या टोपलीत घरभाड्याचा वाटा 25 टक्के धरलाय आणि तुमच्या खर्चात तो 45 टक्के आहे, असं समजा. भाडी 12 टक्क्यांनी वाढली आणि बाकी सगळं 5 टक्क्यांनी, तर निर्देशांक 6.75 टक्के वाढ दाखवेल. तुमच्यापुरती ती 8.15 टक्के असेल. कमी उत्पन्नाच्या घरांत अन्नावरचा खर्च प्रमाणाने जास्त असतो, म्हणून धान्यभाजी महागली की त्यांची खरी महागाई सरकारी आकड्याच्या पुढे जाते.

मात्र नुसत्या अंदाजावर विसंबू नका. रोज विकत घेतो त्या वस्तूंची दरवाढ आपल्याला टोचते. वर्षातून एकदा घ्यायच्या, स्थिर राहिलेल्या किंवा स्वस्त झालेल्या वस्तू लक्षातच राहत नाहीत. दोन वर्षांच्या एकाच महिन्याचा खर्च लिहून काढा, प्रत्येक बाबीचा वाटा काढा आणि वर केला तसा गुणाकार करा.

वाटाघाटीत मात्र प्रसिद्ध झालेला निर्देशांकच चालतो, कारण तो दोघांनाही मान्य असतो. तिथेही कुठला, हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटनमध्ये ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे महागाई 11.1 टक्के होती आणि जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकाप्रमाणे 14.2 टक्के. देश एक, महिना एक, तरी तीन टक्क्यांहून जास्त फरक. जुन्या निर्देशांकात घरकर्जाचं व्याज धरतात आणि सरासरी काढण्याची पद्धतही वेगळी आहे. त्याच्या मोजणीतल्या दोषांमुळे 2013 मध्ये त्याचा अधिकृत ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जा काढून घेण्यात आला होता. कामगार संघटना मागणीत कुठला आकडा लिहीत आणि मालक कुठला, हे सांगायची गरज नाही.

8. वाढीऐवजी एकरकमी बोनस देऊ केलाय. महागाई भरून निघेल का?

त्या एका वर्षापुरती, रक्कम पुरेशी असेल तर. पण बोनसने मूळ पगार वाढत नाही. पुढच्या वर्षीची टक्केवारी जुन्याच पगारावर बसते, आणि किंमती मात्र नव्या पातळीवरून वर जातात. प्रश्न 5 मधल्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या 4 टक्क्यांऐवजी तेवढाच बोनस दिला असता, तर तिसऱ्या वर्षअखेरीस पगार 44,100 वरच राहिला असता.

9. सगळ्यांना सारखीच रक्कम वाढवून दिली तर ते जास्त न्याय्य नाही का?

ते तळाच्या लोकांसाठी चांगलं आहे, पण त्याचे परिणाम साठत जातात. इटलीत 1975 च्या करारानुसार महागाई भरपाई अशीच ठरली होती: निर्देशांक एक बिंदू चढला की प्रत्येक कामगाराला, पगार काहीही असो, ठरलेली सारखीच रक्कम. या व्यवस्थेला तिथे ‘स्काला मोबिले’, म्हणजे सरकता जिना, म्हणत. महागाई मोठी होती, त्यामुळे कमी पगारवाल्यांची पूर्ण भरपाई होत गेली आणि कुशल कामगारांचं वास्तव वेतन मागे पडत गेलं. दोन श्रेणींतलं अंतर आकसलं. 1984 मध्ये सरकारने वटहुकूम काढून भरपाईला कात्री लावली, त्यावर 1985 मध्ये सार्वमत झालं आणि कात्री टिकली. 1992 मध्ये व्यवस्था बंद झाली.

बेल्जियममध्ये पगार आजही निर्देशांकाशी आपोआप जोडलेले आहेत. पण तिथे वापरतात त्या निर्देशांकातून तंबाखू, मद्य आणि वाहनांचं इंधन वगळलेलं आहे. म्हणजे आपोआप भरपाई मिळत असली तरी टोपलीत काय ठेवायचं, यावर प्रश्न 7 लागू होतोच.

10. वाढ महागाईइतकीच मिळाली, तरी हातात येणारा पगार वास्तवात कमी कसा?

बहुधा करामुळे. कराचे टप्पे पैशांत ठरलेले असतात आणि ते महागाईप्रमाणे सरकवले नाहीत, तर नुसत्या फुगलेल्या आकड्यावर जास्त कर लागतो. समजा 30,000 पर्यंत कर नाही आणि वरच्या रकमेवर 20 टक्के. 40,000 वर कर 2,000, हातात 38,000. पगार आणि किंमती दोन्ही 7 टक्क्यांनी वाढल्या: पगार 42,800, कर 2,560, हातात 40,240. जुन्या किंमतींत ते होतात 37,607. कराचा दर कुणी वाढवला नाही, तरी एक टक्का गेला. अमेरिकेत 1985 पासून हे टप्पे निर्देशांकाशी जोडलेले आहेत. ब्रिटनमध्ये करमुक्त मर्यादा 2021 पासून 12,570 पौंडांवर गोठवली, आणि नेमकी त्यानंतरच महागाई उसळली.

11. बातमीत म्हणतात सरासरी वास्तव वेतन वाढलं. माझ्या ओळखीत कुणाचंच वाढलेलं नाही. खोटं बोलतात का?

खोटं नाही, पण सरासरी काढताना आत कोण उरलंय ते पाहावं लागतं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत 2 कोटींहून अधिक नोकऱ्या एका महिन्यात गेल्या आणि त्याच महिन्यात ताशी सरासरी वेतन 4 टक्क्यांहून जास्त उडालं. कुणाला घसघशीत वाढ मिळाली नव्हती. हॉटेलं आणि दुकानांतले कमी पगाराचे लोक मोजणीतूनच बाहेर पडले होते. ते कामावर परतले की सरासरी उलट खाली ओढली जाते. म्हणून शक्य असेल तिथे त्याच माणसांच्या दोन वेळच्या पगारांची तुलना करणारे आकडे शोधा.

12. वेतनश्रेणीतली वार्षिक वाढ धरून मी महागाईच्या पुढे आहे. मग तक्रार कसली?

तुमची स्वतःची नसेलही. पण दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या आहेत. श्रेणीतली वाढ अनुभवासाठी असते आणि सर्वसाधारण वाढ महागाईसाठी. समजा श्रेणीतली वाढ 3 टक्के, सर्वसाधारण 4 टक्के, महागाई 6 टक्के. तुमचा पगार 7.12 टक्के वाढला आणि वास्तवात एक टक्क्याने वर गेला. ती श्रेणी मात्र 4 टक्केच सरकली, म्हणजे वास्तवात 1.9 टक्क्यांनी खाली गेली. तुम्ही काल ज्या पायरीवर होतात, तिथे आज येणाऱ्या सहकाऱ्याला तुमच्या तेव्हाच्या पगारापेक्षा वास्तवात तेवढं कमी मिळतं. तुमच्या एका वर्षाच्या अनुभवाची जवळपास दोन तृतीयांश किंमत महागाईने खाल्ली. आणि श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर पोचलात की 3 टक्के थांबतात, तेव्हा ही झीज सरळ तुमच्याच खिशाला लागते.

13. माझं वास्तव वेतन घटलं, तर तेवढा मालकाचा फायदा झाला असणार, नाही का?

दर वेळी नाही, आणि वाटाघाटी तुटतात त्या पुष्कळदा याच जागी. कामगार आपला पगार तो विकत घेतो त्या वस्तूंच्या किंमतींशी ताडून पाहतो. मालक तोच पगार तो विकतो त्या वस्तूच्या किंमतीशी ताडतो. या दोन किंमती एकत्र चालतीलच असं नाही.

आयात इंधन महागलं, असं धरा. ग्राहकांसाठी किंमती 9 टक्क्यांनी वाढल्या. कारखान्याला आपल्या मालाचा भाव मात्र 3 टक्केच वाढवता आला. पगार 5 टक्के वाढवला. कामगाराच्या बाजूने 1.05 ÷ 1.09, म्हणजे 3.7 टक्के घट. मालकाच्या बाजूने 1.05 ÷ 1.03, म्हणजे मजुरीचा बोजा जवळपास 2 टक्क्यांनी जड, शिवाय इंधनाचं बिल वेगळं. ‘पगार कापला’ म्हणणारा कामगार आणि ‘झेपत नाही’ म्हणणारा मालक, दोघांचेही हिशोब बरोबर आहेत. मधली रक्कम इंधन विकणाऱ्याकडे गेली.

उलट कारखान्याने मालाचा भाव 10 टक्क्यांनी वाढवला असेल आणि बाकी खर्च त्या मानाने वाढले नसतील, तर 5 टक्क्यांची वाढ मालकाला 4.5 टक्क्यांनी स्वस्त पडते, आणि तेव्हा तुमचा संशय बरोबर ठरतो. वाटाघाटीला बसताना म्हणून ग्राहक निर्देशांकासोबत कंपनीने वर्षभरात आपल्या मालाचे भाव किती वाढवले, तेही लिहून न्या. भावपत्रकं बहुधा उघडच असतात.